भिंतीवर लागतो, नेटवर अडतो: व्हॉलीबॉलची ओव्हरआर्म सर्व्हिस शिकवताना

*प्रश्न: निपाणीजवळच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात पीटी घेतो. आठवी-नववीची २२ मुलं-मुली, दोन बॉल, ४५ मिनिटांचा तास. पावसात मैदान चिखल होतं म्हणून जूनपासून भिंतीवर ओव्हरआर्म सर्व्हिस घेतली. भिंतीवर नेटच्या उंचीची रेघ आखली, ५ मीटरवरून १० पैकी ८-९ बॉल रेघेच्या वर लागतात. पण कोर्टवर गेलं की १० पैकी ७ नेटमध्ये. ताकद कमी पडते का? नंतर टार्गेटचे खेळ कसे घ्यावेत?*

ताकद कमी नाही, रेघ खाली आहे. मीसुद्धा पहिली काही वर्षं हीच चूक केली. खानापूरकडच्या आमच्या शाळेच्या भिंतीवर ती जुनी रेघ अजून पुसट दिसते.

जरा हिशेब करू. मुलींची नेट २.२४ मीटर. आठवीतली मुलगी बॉल साधारण २ मीटर उंचीवर मारते, आणि तिच्या हातून सुटलेला बॉल सेकंदाला १० मीटर पुढे जातो असं धरू. तुमची रेघ २.२४ वर आहे. ५ मीटरवरून तिनं बॉल रेघेच्याही वर, २.६० मीटरवर म्हणजे साडेआठ फुटांवर मारला. तुम्ही शाबासकी दिली. आता मधली भिंत काढा आणि तोच बॉल पुढे जाऊ द्या. ९ मीटरवर, जिथं नेट असते, तिथं तो सव्वा मीटरच्या आसपास असेल, म्हणजे नेटच्या खालच्या पट्टीशी. हा झाला हवेचा अडथळा न धरता. व्हॉलीबॉल आकारानं मोठा आणि वजनानं फक्त २६० ते २८० ग्रॅम, त्यामुळे हवा त्याला चांगलंच अडवते. खरा बॉल याहूनही खाली येतो. पोरांनी भिंतीवर जे शिकलं तेच कोर्टवर अगदी इमानदारीनं केलं, बॉल नेटमध्ये मारला.

याच वेगाच्या मुलीचा बॉल नेटवरून मीटरभर वर राहून पलीकडे पडायचा असेल, तर ५ मीटरवरच्या भिंतीवर तो साडेतीन ते चार मीटरच्या पट्ट्यात लागायला हवा. सोपं सांगायचं तर १२ फुटांवर खडूनं एक जाड रेघ ओढा. मुलं तोंड वासून बघतील. आमच्याकडे एकानं विचारलंच होतं, "सर, सर्व्हिस मारायची का कौलं काढायची?" पण त्या रेघेवर बॉल लागायचा तर हात खालून वर जावा लागतो, अंग मागे ताणून पुढे यावं लागतं. बॉल वर कसा चढवायचा हे तोंडी सांगायची गरजच उरत नाही.

मात्र ही रेघ सगळ्यांना सारखी नको. तुमच्या नववीत दोन-तीन दांडगे मुलगे असतील, ज्यांचा बॉल सपाट आणि जोरात येतो. वेग जास्त तेवढी कमान कमी लागते. त्यांना १० फुटांची रेघ पुरते. १२ फुटांची दिली तर त्यांचा बॉल मागच्या रेषेपलीकडे जायला लागतो. म्हणून दोन रेघा आखा, आणि कुणी कुठल्या रेघेवर मारायचं ते पहिल्या आठवड्यानंतर कोर्टवरचे बॉल बघून ठरवा. शाळेची भिंत १० फुटांपेक्षा बुटकी असेल, तर तिच्यावर कमान शिकवायच्या भानगडीत पडू नका. तिथं तीन मीटरवर उभं राहून फक्त टॉस आणि हाताचा तळवा एवढंच घ्या. आणखी एक, चिऱ्याची बिनगिलाव्याची भिंत बॉलचं कातडं चार दिवसांत खरवडून टाकते. दोनच बॉल आहेत तर गिलावा केलेली बाजू शोधा.

आता टॉस. नेटमध्ये जाणाऱ्या उरलेल्या बॉलांचं मूळ बहुतेक वेळा इथं सापडतं, आणि भिंत ते लपवते. भिंतीसमोर मूल बॉल घेतं, उडवतं, जमला तर मारतं, नाही जमला तर झेलून परत उडवतं. तुम्ही मोजता ते मारलेले बॉल. झेलून सोडलेले कुणी मोजत नाही. आमच्या खेळायच्या काळात उडवलेला बॉल न मारता खाली पडू दिला तर पुन्हा सर्व्हिस मिळायची. आता ती मुभा नाही. उडवलेला बॉल मारला नाही की सर्व्हिस गेली, पॉइंट समोरच्यांना. म्हणजे भिंतीपुढे लागलेली ही झेलायची सवय मॅचमध्ये थेट पॉइंट घालवते. माझ्याकडे पहिल्या दिवसापासून नियम असा की उडवला की मारायचा, नाहीतर तो वाया गेलेला म्हणून मोजायचा.

टॉस तपासायला बॉल मारायचाच नाही. मूल सर्व्हिसच्या पवित्र्यात उभं करा: उजव्या हाताचं असेल तर डावा पाय पुढे, बॉल डाव्या तळहातावर, उजवा हात आधीच वर, कोपर कानाच्या उंचीला मागे. डाव्या हातानं बॉल उचलून सोडायचा, भिरकवायचा नाही. वर केलेल्या हाताच्या बोटांच्या जरासा वर गेला की बास. मग त्याला खाली पडू द्या. तो पुढच्या पायाच्या वीतभर पुढे, उजव्या खांद्याच्या रेषेत पडला पाहिजे. त्या जागी जुना सायकलचा टायर ठेवा. १० पैकी ८ टॉस टायरात पडेपर्यंत त्या मुलाला मारायला देऊ नका. हे काम व्हरांड्यात, पावसात, बॉलशिवायही होतं. आम्ही चिंध्यांचे गोळे सुतळीनं बांधून प्रत्येकाला एकेक दिला होता. वजन बॉलसारखं नसतं, पण डाव्या हाताला सवय लागते, आणि २२ जणांत दोन बॉल हा तुमचा प्रश्नही अर्धा सुटतो.

टॉस चुकला की काय होतं ते बॉलच सांगतो. फार पुढे पडला तर मूल त्याच्यामागे वाकतं, बॉल खाली आल्यावर हात वरून पडतो आणि तो नेटमध्ये जातो. डोक्यावर किंवा मागे गेला तर हात बॉलच्या खाली येतो, बॉल आभाळात चढतो आणि नेटच्या अलीकडेच किंवा जेमतेम पलीकडे पडतो. फार उंच उडवला तर मुलं वाट बघत ताटकळतात आणि हात थांबतो; ऑगस्टमधल्या आपल्याकडच्या वाऱ्यात तर तो बॉल जागेवर राहतच नाही. म्हणून बॉल नेटमध्ये गेला की "जोरात मार" म्हणायच्या आधी एकदा टॉस खाली पडू देऊन बघा.

हाताबद्दल फार बोलत नाही. गावच्या मैदानावर मोठ्यांचं बघून बरीच मुलं मुठीनं मारतात. मुठीनं बॉल जातो, पण कुठं जाईल ते मुठीलाही माहीत नसतं. तळव्याचा मनगटाजवळचा भाग बॉलच्या बरोबर मागे, मनगट ताठ, आणि बॉल लागल्यावर हात तिथंच अडवल्यासारखा थांबवायचा. कान उघडे ठेवा. नीट लागला तर भरीव 'धप्प' आवाज येतो, बोटांवर गेला तर 'चट्' येतो. नीट लागलेला बॉल गरगरत नाही. त्याच्यावरचे पट्टे ओळखता येतात. असा बॉल हवेत डगमगतो, घेणाऱ्याला चकवतो, पण ती पुढची गंमत. आत्ता फक्त एवढं बघा की बॉल फिरतोय की नाही. आणि ज्या मुलांनी आयुष्यात आंब्यावर दगड मारलेला नाही, त्यांना सर्व्हिसच्या आधी आठवडाभर चिंध्यांचा गोळा खांद्यावरून लांब फेकायला लावा. मुलींमध्ये हे जास्त दिसतं, कारण त्यांच्या हातात दगड दिसला की घरचे ओरडतात.

कोर्टवर जाताना एकदम ९ मीटरवर उभं करू नका. मी नेटच्या दोन्ही खांबांना उंच बांबू बांधून नेटच्या वर एक मीटरवर सुतळी ताणतो. भिंतीवरची रेघ आता कोर्टवर आली. हळू मारणाऱ्यांनी सुतळीच्या वरून काढायचा, जोरात मारणाऱ्यांनी नेट आणि सुतळी यांच्या मधून. कोर्टच्या आत, नेटपासून ५ मीटरवर सुरुवात. १० पैकी ७ पलीकडे आत पडले की एक मोठं पाऊल मागे. दोन दिवस सलग ४ च्या खाली आले की एक पाऊल पुढे. कुणी कुठं उभं राहायचं ते चुन्याच्या खुणांनी ठरतं, वयानं किंवा मुलगा-मुलगी यावरून नाही. मागच्या रेषेवर सगळे एकाच दिवशी पोचत नाहीत आणि पोचायची गरजही नाही.

गेल्या वर्षीची एक मुलगी सांगतो. आठवीत, किडकिडीत, भिंतीवर सगळ्यांत हुशार. कोर्टवर १० पैकी १. ती रडकुंडीला आली, "सर, भिंतीवर लागतोय की, इथं का नाही?" टॉस टायरात टाकायला लावला तर १० पैकी ३, बाकी सगळे हातभर पुढे. भिंतीवर ती बॉलमागे पाऊल टाकून जात होती आणि जवळ असल्यामुळे ते खपत होतं. चार दिवस मी तिला बॉल मारू दिला नाही, फक्त टॉस. पाचव्या दिवशी १२ फुटांची रेघ, ५ मीटरवरून. पहिल्या दिवशी एकही लागला नाही, आणि मला वाटलं आपलंच चुकलं. तिसऱ्या दिवशी तिचं तिनंच शोधलं की मागचा पाय जमिनीला रेटून वजन पुढच्या पायावर आणलं की बॉल वर चढतो. दुसऱ्या आठवड्यात नेटपासून ५ मीटरवर, सुतळीच्या वरून, १० पैकी ७. मग सहा मीटर, मग सात. सात मीटरवर ती पाच दिवस अडकली. दिवसाला ४० च्या वर बॉल मी कुणाला जोरात मारू देत नाही, आणि ती घरी गोठ्याच्या भिंतीवर आणखी मारत होती हे उशिरा कळलं. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखत होतं. दोन दिवस बंद. परत आली तेव्हा हात मोकळा होता. चौथ्या आठवड्याच्या शेवटी मागच्या रेषेवरून १० पैकी ६. आठवीच्या मुलीला तेवढं पुष्कळ झालं.

पण तालुक्याच्या मॅचमध्ये तिच्या पहिल्या दोन्ही सर्व्हिस नेटमध्ये गेल्या. तिथं चूक माझी होती, मी शिट्टीचा सराव दिलाच नव्हता. आमच्याकडे बॉल हातात आला की मारायचा. तिथं बॉल घेऊन उभं राहायचं, पंच शिट्टी मारणार, त्यानंतर ८ सेकंदांत मारायचा. शिट्टी वाजली आणि ती दचकून टॉस घाईत पुढे टाकून बसली. शिट्टीनंतर ८ सेकंद हा भरपूर वेळ असतो हे मुलांना अंगात मुरलेलं लागतं. आता माझ्याकडे कोर्टवरची प्रत्येक सर्व्हिस शिट्टीवर. शिट्टी, बॉल दोनदा जमिनीवर टप्पा, एक श्वास, टॉस. शिट्टीच्या आधी मारला तर तो रद्द, पुन्हा मारायचा, हेही मुलांना दाखवून ठेवा, नाहीतर मॅचमध्ये गोंधळतात. आणि बॉल हाताला लागताना पाय मागच्या रेषेला टेकलेला असेल तर फाउल, नंतर आत आला तर चालतो. चुन्याची रेघ पावसानं पुसली जाते आणि मुलांचा पाय नकळत आत सरकतो. मी सरावाला सुतळी जमिनीवर पुरतो, पायाला लागते.

टार्गेटच्या खेळांत बहुतेक शिक्षक कोपऱ्यात टायर ठेवतात आणि लागला तर पेन बक्षीस. दिसायला छान दिसतं, पण शिकवत काही नाही. २२ जणांत एखाद्याचा लागतो, तोही योगायोगानं. बाकीच्यांना आपलं किती चुकलं ते कळत नाही. टार्गेट एवढं मोठं हवं की मुलाला निम्म्या वेळा तरी जमेल, आणि चुकण्याचे प्रकार खेळाच्या गुणांतून वेगळे दिसतील.

पहिला खेळ आम्ही 'मागचं घर' म्हणतो. नेटपासून ३ मीटरची अटॅक लाइन कोर्टवर असतेच. तिच्या मागे पडला तर २, पुढे पडला तर १, बाहेर लांब गेला तर ०, आणि नेटमध्ये गेला तर समोरच्या गटाला १. दंड फक्त नेटला, कारण नेटमध्ये गेलेली सर्व्हिस समोरच्याला काहीही न करता पॉइंट देते. लांब जाणारा बॉल निदान कुणीतरी घाबरून हात लावेल अशी आशा तरी असते, आणि मुलांच्या मॅचमध्ये ती बऱ्याचदा खरी होते. नेटच्या वरच्या पट्टीला घासून पलीकडे पडलेला बॉल चालतो, त्याला पूर्ण गुण द्या. आधी वाया धरायचे, म्हणून जुनी मंडळी अजून हात वर करतात. दोन गट, दोन्ही टोकांना ११-११. समोरचे बॉल झेलतात, झेलणारा रेषेवर जाऊन मारतो. एका वेळी एकच बॉल हवेत, दुसरा समोरच्या सर्व्हरच्या हातात तयार. १५ गुणांचा खेळ. एका तासात प्रत्येकाला सात-आठ सर्व्हिस मिळतात. कमी वाटतात, पण शिट्टी आणि गुण असलेल्या सात सर्व्हिस भिंतीवरच्या तीसपेक्षा जास्त सांगतात. या खेळात प्रत्येक मूल आपापल्या चुन्याच्या खुणेवरून मारतं; ६ मीटरवाल्याला कमी लेखू नका, गुण सारखेच.

दोन आठवड्यांनी नेटमध्ये जाणारे बॉल कमी झाले की दंड उलटा करा, लांब बाहेर गेला तर समोरच्याला १. मग जोरवाली पोरं आपोआप सुतळीखाली येतात.

दुसऱ्या खेळात कोर्ट लांबीनं मधोमध रांगोळीच्या रेघेनं कापा. समोरच्या टीमच्या उजव्या हाताचा मागचा कोपरा म्हणजे १, त्यांच्या डाव्या हाताचा मागचा ५, हे पोझिशनचे आकडे मुलांना असेही लागतात. सर्व्हरनं शिट्टीनंतर, टॉसच्या आधी आकडा ओरडायचा. ओरडलेल्या अर्ध्यात पडला तरच गुण. आपल्याकडे तालुक्याला पंच आणि समोरची टीम कन्नडमध्ये बोलते, म्हणून मी एक दिवस 'एक, पाच' आणि एक दिवस 'ओंदु, ऐदु' घेतो. पोरं हसतात, पण स्कोअर ऐकायला पुढे उपयोगी पडतं. दिशा बदलायची म्हणजे हात फिरवायचा असं मुलांना वाटतं आणि बॉल गिरकी घेत बाहेर जातो. दिशा पायांनी बदला. पुढचा पाय ज्या कोपऱ्याकडे बोट दाखवतो, बॉल साधारण तिकडे जातो. टॉस आणि हात तोच.

तिसरा खेळ मी फक्त मागच्या रेषेवर पोचलेल्या आठ-दहा जणांना देतो. समोर दोन घेणारे उभे करायचे, त्यांच्यामध्ये दीड-दोन मीटरची फट. त्या फटीत मारायचा. गुण जमिनीवर पडल्यावर नाही, तर दोघांनी एकमेकांकडे बघितलं की! ते ठरवायला कोर्टच्या बाजूला एक मूल बसवा. तिथं मुलांना पहिल्यांदा कळतं की सर्व्हिस ही जागेवर नाही, माणसांच्या मध्ये मारायची असते. एवढं झालं की घेणाऱ्यांचाही सराव सुरू होतो आणि लिफ्टरकडे बॉल जायला लागतो.

पाऊस असेल त्या दिवशी पुन्हा व्हरांड्यात टायर आणि १२ फुटांची रेघ. वारा समोरून असेल त्या दिवशी टार्गेट खेळू नका, गुण वाऱ्याचे असतात. निपाणीत तुमचं मैदान उघड्या माळावर असेल आणि वारा रोजचाच असेल तर वाऱ्याच्या बाजूनं एक गट आणि विरुद्ध दुसरा, ७ गुणांनंतर बाजू बदला. आणि ती २.२४ ची रेघ आज पुसून टाका, नाहीतर सुट्टीत पोरं परत तिच्यावरच मारत बसतील.